ॲपची एकच रेघ

दवाखान्याच्या ॲपमध्ये लॉगिन करताना माझ्या आत्याला कधी आत घेतलं जायचं, कधी हाकललं जायचं. "माझंच काहीतरी चुकतंय गं. मी आता नादच सोडला," ती फोनवर म्हणाली. रिपोर्ट तर त्या ॲपवरच येणार होते. आणि ॲपचं लॉगिन मीच लिहिलेलं! डोकं सणकलं.

ऑफिसात मॅनेजरनं तोडगा काढूनच ठेवला होता. "लॉगिनला पाठवताना दिलेला आकडा, ते 'स्टेट', परत आल्यावर जुळत नाही म्हणून अडतंय. जेवणाआधी ती तपासणीच काढून टाक."

म्हणजे रोगापेक्षा इलाज भयंकर. तपासणी गेली, तर कुणीही लबाड आपल्या खात्याचा लॉगिन-कोड आत्याच्या ब्राउझरमधून पाठवील, आणि ती बिचारी नकळत त्याच्या खात्यात शिरून आपले जुने रिपोर्ट तिथे चढवील.

भिंतीवर मी काढलेली लॉगिनची आकृती होती: ब्राउझर, ॲप आणि पासवर्ड तपासणारी ओळख-सेवा अशा तीन उभ्या रेघा आणि मधे बाण. मला तिचा भारी अभिमान. बाण तर सगळे बरोबर होते. मग घोडं पेंड खातंय कुठे? मला राहवेना.

"सर, नाटक करून बघू या," मी म्हटलं.

मी ब्राउझर झाले, मॅनेजर ॲप, टेस्टरताई ओळख-सेवा. मॅनेजरनं एक आकडा मनात धरला, तोच चिठ्ठीवर लिहून मला ताईंकडे पिटाळलं. ताईंनी पासवर्ड विचारला, परवानगी घेतली, आकड्याशेजारी कोड लिहून मला परत धाडलं. आकडा जुळला. मग मॅनेजर स्वतः उठून ताईंकडे गेले, कोड आणि आपला गुप्त शब्द कानात सांगून टोकन, म्हणजे आत शिरायचा परवाना, घेऊन आले. त्या फेरीत माझं काम नव्हतं. गुप्त शब्द ब्राउझरच्या हाती पडता कामा नये.

"झालं की नीट!" मॅनेजर म्हणाले.

"आणखी एकदा."

या वेळी मी ताईंकडे असताना मॅनेजरचा फोन वाजला. ते बाहेर गेले. त्यांच्या खुर्चीत डिझायनर येऊन बसला. मी चिठ्ठी पुढे केली.

"हा कुठला आकडा?" तो म्हणाला. "मी नाही दिला. चल, फूट!"

मी जागीच थबकले. गेल्याच आठवड्यात गर्दी वाढली म्हणून आम्ही ॲपचा दुसरा सर्व्हर लावला होता. आकडा एकाच्या मेमरीत, आणि चिठ्ठी कधी याच्याकडे, कधी त्याच्याकडे! माझ्या आकृतीत मात्र ॲपची अजून एकच रेघ. मला लाज वाटली आणि हसूही आलं.

आकडे दोघांनाही दिसतील अशा सामायिक साठ्यात ठेवले. तपासणी जागच्या जागी राहिली. जेवणाआधी मी पंधरा-वीसदा लॉगिन केलं. एकदाही अडलं नाही. मग आत्याला फोन लावला.

"आता कर बघू लॉगिन."

तिनं पुटपुटत एकेक अक्षर टाइप केलं.

"उघडलं गं!" ती म्हणाली. "या वेळी मी काय बरोबर केलं?"

"काही नाही, आत्या. तू पहिल्यापासून बरोबरच करत होतीस."