सहा डोंगरांची झाडं

श्रीरंग कुलकर्णीला स्वतःच्या हातच्या दोनच गोष्टींची फुशारकी होती: एक त्याची साबुदाण्याची खिचडी आणि दुसरी ‘वनराई’. खिचडी बरी होती. ‘वनराई’ मात्र खरोखर देखणी. बेंगळुरातल्या जयनगरच्या त्या तिसऱ्या मजल्यावरच्या अॅनिमेशन स्टुडिओत कुणालाही डोंगर सजवायचा असला की ब्लेंडर हे सॉफ्टवेअर उघडायचं, श्रीरंगने बांधलेला तो जिओमेट्री नोड्सचा, म्हणजे तारांनी एकमेकांना जोडलेल्या सूचनांच्या चौकोनांचा, गट डोंगराला लावायचा, आणि डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच उघडाबोडका डोंगर झाडांनी आणि धोंड्यांनी भरून जायचा.

चंदना तिथे सहा महिन्यांच्या चाचणीवर होती. मुदत शुक्रवारी संपत होती, आणि तिला ठेवायचं की नाही हे ज्या एका शॉटवर ठरणार होतं, तो शॉट अस्वलाच्या पिल्लाच्या फिल्ममधला सहावा डोंगर होता. बाकीचे पाच आधीच झाले होते. तिला कामावर घ्या म्हणून मालकीणबाई संध्या देशकरांकडे शब्द टाकला होता तो श्रीरंगनेच.

शिकवलंही त्यानेच. “हे बघ, आधी जमिनीवर ठिपके शिंपडायचे. मग प्रत्येक ठिपक्यावर एक झाड. आकार रँडम, पाऊणपटीपासून सव्वापटीपर्यंत. पण उंची-रुंदी एकाच आकड्याने वाढव, नाहीतर झाडं चेंगरल्यासारखी दिसतात. आणि झाडाला फिरवायचं ते फक्त उभ्या अक्षाभोवती. तिन्ही अक्षांवर फिरवलंस तर निम्मं जंगल आडवं पडेल.”

“आणि दगड?”

“दगडाला कसाही लोळव. त्याला काय, डोकं ना पाय!”

पुण्याहून येऊन चार वर्षं झाली तरी श्रीरंगला कन्नड ‘सरी’च्या, म्हणजे ‘बरं’च्या, पुढे येत नव्हतं. चंदनाचं मराठी घराणं बेंगळुरात इतक्या पिढ्यांचं, की तिच्या मराठीत कन्नड कुठून सुरू होतं ते तिलाही सांगता येत नसे. पण पहिल्या आठवड्यापासून ती त्याला ‘श्रीरंगदादा’ म्हणू लागली, आणि तोही तिच्या डब्यातल्या चित्रान्नावर हक्काने हात मारू लागला.

बुधवारी संध्याकाळी तिने शॉटचं चित्र मोबाईलवर वडिलांना दाखवलं. हणमंतराव बागायत खात्यातून निवृत्त झालेले. छत्तीस वर्षं झाडं लावली आणि तेवढीच वर्षं माळ्यांशी भांडले. त्यांनी चष्मा वर केला, चित्र नाकाशी नेलं.

“छान केलीस गं. पण काय की, थोरली झाडं सगळी उजवीकडं कललीत. एकदम बारकी आहेत तीपण उजवीकडं. अन् मधली सगळी डावीकडं.”

“अण्णा, ते रँडम आहे. कसंही येतं.”

“कसंही आलं असतं तर मी कशाला बोललो असतो? झाड कलतं ते उजेडाकडं, नाहीतर वाऱ्यानं. वय विचारून कलत नाही.”

चंदनाला राग आला, पण अण्णांचं झाडाबाबतचं बोलणं तिने कधी वावगं ठरताना पाहिलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी सकाळी स्टुडिओत कुणी यायच्या आत तिने ‘वनराई’ उघडून आत डोकावून पाहिलं. आकारासाठी रँडमचा एक नोड. फिरवण्यासाठी त्याचीच नक्कल करून ठेवलेला दुसरा. आणि दोघांनाही जोडलेली सीड, म्हणजे रँडम आकडे ज्यावरून निघतात तो मूळ आकडा, एकच.

सीड एक, झाड तेच, म्हणजे दोन्ही नोड त्या झाडासाठी एकच चिठ्ठी उचलत होते. चिठ्ठी लहान निघाली की झाड लहान आणि फिरणं जवळजवळ शून्य. मधली निघाली की झाड मध्यम आणि अर्धा फेरा. मोठी निघाली की झाड मोठं आणि पुरा फेरा, म्हणजे फिरून पुन्हा उजवीकडेच. झाडाचा मूळ बुंधाच उजवीकडे कललेला होता ना! सीडचा आकडा बदलून काही होत नव्हतं, कारण बदलायचा तो दोघांचा एकदमच. दगड वाचले होते, कारण ते तिन्ही अक्षांवर फिरत आणि त्यांच्या नोडचा हिशेबच निराळा.

उपाय पोरखेळ होता: दुसऱ्या नोडकडे जाणाऱ्या सीडमध्ये एक मिळवायचा, म्हणजे दोघांच्या चिठ्ठ्या वेगळ्या. पण सांगायचं कसं? दोन वर्षं सगळा स्टुडिओ त्या गटावर जगत होता, आणि श्रीरंगदादा तो नव्या माणसाला दाखवताना घरचं बाळ दाखवल्यासारखा हसायचा. चंदनाने गटाची स्वतःपुरती वेगळी प्रत केली, एक मिळवला, आपला डोंगर नीट केला आणि तोंड मिटून बसली. प्रेमापोटी माणूस जो मूर्खपणा करतो, त्याला तोड नसते.

शुक्रवारी दुपारी संध्याबाईंनी सहाही शॉट ओळीने लावून पाहिले. सहाव्यावर थांबल्या. मागे गेल्या. पुन्हा पुढे आल्या.

“हा वेगळा दिसून राहिला. पाचही डोंगरांत एक ठेका आहे, यात नाही. चंदना, तू गटात हात घातलास?”

“हो, मॅम.”

“का?”

श्रीरंग शेजारीच उभा होता. चंदनाने खाली बघितलं. “चुकलं, मॅम. परत पहिल्यासारखं करते.”

संध्याबाईंचा चेहरा पडला. “सहा महिन्यांनंतरही न विचारता सामायिक गट बदलत असशील, तर मग मला विचार करावा लागेल.”

“एक मिनिट,” श्रीरंग म्हणाला. त्याने खुर्ची ओढली, चंदनाची फाईल उघडली, गटात शिरला. बेरजेचा तो इवलासा नोड दिसला तसा माऊसवरचा त्याचा हात थांबला. मग त्याने पहिला डोंगर उघडला आणि बराच वेळ झाडं पाहत राहिला. त्याचे कान लाल झाले.

“संध्या, तो ठेका नाही, ती चूक आहे. माझी. दोन वर्षांची. सहावा डोंगर तेवढा बरोबर आहे, बाकीचे पाच पुन्हा रेंडर करून त्यांची चित्रं नव्याने काढावी लागतील.” आणि मग चंदनाकडे वळून, आवाज न चढवता, “तुला माहीत होतं. आणि नोकरी घालवत होतीस तरी बोलली नाहीस.”

“तुम्हाला वाईट वाटलं असतं, दादा.”

“वाटलंच आहे. पण ते नोडचं नाही. माझी चूक मला सांगता येणार नाही इतका कोता मी तुला वाटलो, त्याचं वाटलंय.”

तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. तो तिला सख्ख्या भावासारखा वाटत होता, आणि भावाला जे तोंडावर सांगायचं तेच तिने गिळलं होतं. “माफ करा,” ती म्हणाली. “तुम्ही एवढं शिकवलंत, आणि मी...”

“रडू नको. आधी कुणाला दिसलं हे?”

“अण्णांना.”

“मग रविवारी घरी येतो त्यांचे पाय धरायला. जेवूनच जाईन.”

संध्याबाई दोघांकडे आळीपाळीने बघत होत्या. त्यांनी सुस्कारा सोडला. “पाच रेंडर म्हणजे माझा सोमवार गेला. चंदना, कायमचं पत्र सोमवारीच घे. आणि यापुढे चूक दिसली की त्याच दिवशी ओरडायचं.”

‘वनराई’ची मूळ फाईल सामायिक होती. सगळे डोंगर तिच्याशीच जोडलेले, आणि तिच्यात बदल करून सेव्ह करण्याची मुभा आजवर एकट्या श्रीरंगला. त्याने ती उघडली, पासवर्ड टाकला, आणि खुर्चीवरून उठला.

“बस,” तो म्हणाला.

“मी?”

“चूक शोधलीस तू. मिळव एक.”

चंदना बसली. नाक ओढत तिने तो नोड ठेवला, तारा जोडल्या आणि फाईल सेव्ह केली. मग शेजारच्या पडद्यावर पहिला डोंगर पुन्हा उघडला. झाडं आता चारी दिशांना आपापल्या मर्जीने कललेली होती, थोरली काय आणि बारकी काय. श्रीरंग तिच्या खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून वाकून पाहत होता.

“दादा, चांगलं दिसतंय ना?”

“माझ्यापेक्षा चांगलं,” श्रीरंग म्हणाला. “दुसरा डोंगर उघड.”