तिसरी चौकट

निबंध लिहिण्याआधी आराखडा काढा, असं मी वर्गाला एकोणीस वर्षं बजावते आहे. तीन चौकटी. सुरुवातीत कोण, कुठे आणि त्याला काय हवंय. संघर्षात काय आडवं आलं आणि त्याने काय केलं. शेवटात त्यामुळे काय बदललं. आज नमुना म्हणून मी माझीच गोष्ट फळ्यावर भरली. स्वतःची टिमकी वाजवायची संधी मी सहसा सोडत नाही.

सुरुवात: मला पोहायला शिकायचं होतं. संघर्ष: खोल पाण्याची भीती. शेवट: मी पट्टीची पोहणारी झाले.

पहिल्या बाकावरच्या मुलीने हात वर केला. माझ्या लाल पेनाचा सगळ्यात जास्त मार तिनेच खाल्लाय. "मॅडम, संघर्षात तुम्ही काय केलं ते लिहिलंच नाही. मग भीती गेली कशी?"

खोल पाणी पाहून मी तलावाची शिडी धरून बाहेर आले होते, ती परत पाण्यात गेलेच नव्हते. निमूटपणे तेच लिहिलं. शेवट पुसून लिहिलं, 'तेव्हापासून मला पोहता येतं असं सगळ्यांना सांगते.'

"आता जमलं," म्हणत मुलगी उतरवून घेऊ लागली आणि मध्येच थांबली. "पण मॅडम, उद्या पोहण्याच्या तलावात आमच्याबरोबर तुम्हीच उतरणार आहात ना?"

मी फळा पुसून नव्या तीन चौकटी काढल्या. पहिल्या दोन भरायला मिनिटही लागलं नाही. तिसरीसाठी, मला पोहता येत नाही हे सांगायला, मुख्याध्यापिकांच्या खोलीकडे निघाले.