लाल फडक्यातली फांदी

बायको योगेश्वरी गेल्याचा निरोप दवाखान्यातून आला, त्या दिवशी परसरामला काही सुचलं नाही. तेरवीनंतर एक गोष्ट सुचली. बायकोच्या हातचं एकच रबराचं झाड उरलं होतं, तेही तिनं शेजारच्या रुख्माबाईला दिलेलं. रुख्माबाई त्याचं पानही तोडू देत नसे.

त्याची एक फांदी कुंपणावरून परसरामच्या अंगणात आली होती. तिला मुळं फुटवून आपलं वेगळं रोप करायचं म्हणून त्यानं गुपचूप तिची पेरभर साल गोल काढली, चीक पुसला, ओलं शेवाळ लावलं आणि वरून प्लास्टिक घट्ट बांधलं. कोणी हात लावू नये म्हणून त्यावर लाल फडकं गुंडाळलं.

"हे काय बांधलं जी भाऊजी?" रुख्माबाईनं विचारलं.

"नवस," परसराम म्हणाला.

"मंग आधी काऊन नाही सांगितलं?" तिनं हात जोडले, आणि रोज हळदीकुंकू वाहू लागली.

दोन महिन्यांनी फडकं सारलं, तर प्लास्टिकमधून मुळं दिसली. परसराम कात्री घेऊन पुढे झाला.

"खबरदार! नवस फिटल्याबिगर फांदी तोडता? वहिनी गेली अन् तुमची अक्कलही गेली का जी?"

खोटं बोललो म्हणावं, तर फांदी जाणार. परसरामनं कात्री पाठीमागे लपवली.

फांदी अजून कापायची राहिली आहे.