उन्हाळ्यातलं लोणी

लेक मंगलीचं हे दुसरं बाळंतपण, म्हणून ते पोंभुर्ण्याला सासरीच होणार होतं. तिच्यासाठी चार शेर तूप पाठवते, असा शब्द इंदुताईनं विहिणीला देऊन ठेवला होता. वैशाख लागला होता. घरच्या चार म्हशींचं लोणी ती रोज पाण्याच्या मडक्यात टाकत होती, उन्हानं वितळू नये म्हणून. मंगळवारी सकाळी तिनं ते स्वतः बाहेर काढलं, तसंच तराजूत घातलं आणि पाच शेर भरलं म्हणून समाधान मानलं. पाच शेराचे चार शेर होतात, हे तिला पाठ होतं. सून भागीरथेला कढवायला सांगून ती मूल गावच्या बाजाराला गेली.

संध्याकाळी परतल्यावर तिनं रिकामं भांडं आधी तोललं, मग तुपासकट तोललं. तूप साडेतीन शेर होतं.

"अर्धा शेर कुठी गेलं वो?"

"जेवढं होतं तेवढं कढवलं, आत्याबाई. उतू नाई गेलं, करपलंही नाई."

कुंपणापलीकडून शेजारची सोनीबाई म्हणाली, "दुपारी भाऊ आला होता न तिचा. अजून निंबाखाली पडून हाय."

सोनीबाईला बोलायला तेवढं पुरे असायचं. पण इंदुताईनं ते उचललं. भागीरथेचा भाऊ लटारू जंगलापलीकडच्या गावाहून पायी आला होता. इंदुताई अंगणात गेली.

"लटारूभाऊ, गठुडं सोड जरा."

तो उठून बसला. बहिणीकडं त्यानं एकदा पाहिलं. "काऊन, बाई?"

"सोड म्हनलं न."

सोनीबाईच्या घरची दोन माणसंही बाहेर आली होती. लटारूनं गाठ सोडली. आत चारोळी होती, निवडून साफ केलेली.

"मंगलीताईच्या लाडवाले आनली होती," तो म्हणाला. कापडासकट ती निंबाच्या बुंध्याशी ठेवली आणि पाणीही न पिता तो निघाला. भागीरथा फाटकापर्यंत धावली. त्यानं मागं पाहिलं नाही.

चारोळी निघाल्यामुळं काही मिटलं नाही. इंदुताई बोलायची थांबली, एवढंच. तूप आधीच कुणाच्या तरी हाती माहेरी पाठवलं असेल, असं तिच्या मनात होतं आणि ते तिच्या नजरेत दिसायचं. शिंक्यावरचं तुपाचं भांडं ती आता स्वतःच काढायची. मुखरू, भागीरथेचा नवरा, आईपुढं बोलला नाही, बायकोपुढंही नाही. भागीरथा जेवायला बसायची आणि दोन घास खाऊन उठायची. या घरात आपल्याला उद्यापासून काय समजतील, हेच तिला कळत नव्हतं.

कमी पडलेलं तूप भरून काढायला पुन्हा शेरभर लोणी जमलं. या खेपेला इंदुताई स्वतः चुलीपुढं बसली. लोणी वितळलं, फेस आला, कडकड आवाज सुरू झाला. लोण्यातलं पाणी जळेपर्यंत तो आवाज राहतो, हे तिला ठाऊक होतं. मंद जाळावर तो थांबता थांबेना. तिनं भागीरथेकडं पाहिलं. ती तांदूळ निवडत होती, मान खाली घालून.

शेवटी आवाज बसला, बेरी तांबूस झाली, वास सुटला. इंदुताईनं तूप गाळलं आणि तोललं. अकरा छटाक. भांडं पुसून पुन्हा तोलून पाहिलं. अकराच. सोळा छटाकांचा शेर, म्हणजे पाऊण शेरसुद्धा नाही.

तिनं तराजू खाली ठेवला. पाच शेराचे चार शेर, हा तिचा हिशेब थंडीतल्या, पौषातल्या लोण्याचा होता. तेव्हा ते घट्ट रवाळ निघायचं, तळव्यात दाबलं की ताक-पाणी गळून जायचं. आताचं पेजेसारखं मऊ. दाबायला जावं तर बोटांतून निसटतं, पाणी आतच राहतं. आणि ते तिनं मडक्यातून काढून निथळूही न देता तोललं होतं.

"चार शेर पाह्यजे होतं त पावणेसहा शेर लोणी घ्यावं लागत होतं," ती हळू म्हणाली.

भागीरथेनं तांदळाचं सूप बाजूला ठेवलं.

"लटारूले बोलावून घे."

"तो नाई येनार. गठुडं अंगनात सोडाले लावलं, आत्याबाई. सगळ्यायनं पाह्यलं."

इंदुताई उठली, तूप आणि तराजू घेऊन बाहेर गेली. "सोनीबाई, इकडं ये वो. हे पाय, माह्या हातचं तूप. एका शेराचं अकरा छटाक. सुनेनं काई नाई घेतलं." सोनीबाई तराजूकडं पाहत राहिली आणि आत निघून गेली.

सकाळी मुखरूनं बंडी जुंपली. तूप चार शेराच्या वर थोडं भरलं होतं. इंदुताईनं चारोळीचं गठुडं हातात घेऊन भागीरथेला विचारलं, "हे मंगलीले देऊ?"

"त्याचं हाय. त्याले इचारा."

इंदुताई बंडीत चढली. तुपाचं भांडं मांडीवर घेऊन मुखरूला म्हणाली, "पोंभुर्णा मंग. आंदी लटारूच्या गावाकडं वळव."

भागीरथा फाटकाशी उभी राहिली. भाऊ दारात येईल की पाठ फिरवील, हे तिला सांगता आलं नसतं. बंडी वळणावर जंगलाच्या बाजूला वळली, तेवढं तिनं पाहिलं.