पुसलेला डी

नीलांबरीचा मेसेज आला तेव्हा वसुधा चहा गाळत होती. ‘वसू, घरून अनुवाद करायचे तर कीबोर्ड कोणता घेऊ? आणि टायपिंग फोनेटिक शिकू की इनस्क्रिप्ट?’

एरवी वसुधाने पानभर उत्तर लिहिलं असतं. पण सकाळीच अनुवादाची कामं देणाऱ्या संस्थेचे गोगटेसर फोनवर म्हणाले होते, “तुमच्या मैत्रिणीने नमुना पाठवलाय. काय भाषा आहे हो! बालकोशासाठी तिलाही परीक्षेला बोलावतोय.” बालकोश! दोन वर्षांचं एकहाती काम, आणि ते आपलंच असं वसुधा धरून चालली होती. बारा वर्षं घासलं आपण, आणि ही बया शाळेची नोकरी सोडून परवा आली!

वसुधाने आधी खरं लिहिलं: ‘साधा, मऊ बटणांचा कीबोर्ड घे. इनस्क्रिप्टच शीक. स्वर डाव्या हाताला, व्यंजनं उजव्या. महिनाभर रडशील, मग बोटं आपोआप पळतील. कुठल्याही संगणकात ते असतंच.’ वाचलं. पुसलं. मग लिहिलं: ‘फोनेटिक बेस्ट! इंग्रजीत लिही, मराठी उमटतं. मीही तेच वापरते. इनस्क्रिप्टच्या भानगडीत पडूच नकोस.’ परीक्षा गोगटेसरांच्या ऑफिसातल्या संगणकांवर, ते जुने, तिथे फक्त इनस्क्रिप्ट, बाहेरचं काही टाकू देत नाहीत, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

दुसऱ्या दिवशी नीलांबरी आभार मानायला डबाभर नारळाच्या वड्या घेऊन आली. वसुधा चहा ठेवायला आत गेली, तोवर ती संगणकाच्या टेबलापाशी उभी होती. चहा अर्धाच टाकून, “निघते गं,” म्हणून गेली. वसुधाला सुटल्यासारखं वाटलं.

दीड महिन्याने परीक्षा झाली. वसुधा तिरक्या नजरेने बघत होती. आता ही गोंधळणार, आता हात वर करणार! पण नीलांबरी मान खाली घालून टायपत राहिली. सावकाश, पण न अडखळता. तासाभराने गोगटेसरांनी दोघींची पानं वाचली आणि बालकोश नीलांबरीला दिला.

जिन्यात वसुधाने तिला गाठलं. “तू तर फोनेटिकवाली ना गं?”

“तुझ्या कीबोर्डवरचा डी पार पुसलाय, वसू. आणि ए अजून ठळक आहे.” नीलांबरी थांबली. “फोनेटिकवालीचा आधी ए झिजतो. डी झिजतो तो इनस्क्रिप्टवर, दर जोडाक्षराला पाय मोडायचं बटण तेच. मला माहीत नव्हतं, घरी जाऊन शोधलं.”

वसुधाचा चेहरा खर्रकन उतरला. “अगं, मी...”

“राहू दे. गोगटेसरांना मी पहिल्याच दिवशी नाही म्हटलं होतं. म्हटलं, बालकोश वसूचा आहे, मला आपली लहानसहान कामं द्या. त्यासाठीच विचारलं होतं तुला.” तिने पर्स खांद्याला अडकवली. “तो डी पाहिल्यावर मी त्यांना हो कळवलं.”