दीडशे किलो लोखंड आणि वरचे बत्तीस

यतीन सामंतांना कॅल्क्युलेटरची गरज लागत नसे, हे भाईंदर पूर्वेच्या त्या इंडस्ट्रियल इस्टेटीत सगळ्यांना ठाऊक होतं. कारण ते स्वतःच सांगत फिरायचे. पंधरा वर्षं मालकीण सुचेता मॅडमच्या गाळ्यात स्टोअर सांभाळलं, तेवढी वर्षं तिथे चौकोनी सळईच आली. माप गुणिले माप, गुणिले लांबी, गुणिले पोलादाची घनता सात पॉइंट पंच्याऐंशी. तोंडातल्या तोंडात पुटपुटायचं आणि आकडा फेकायचा.

दोन हजार सहा साली गाळ्याला पहिल्यांदाच नटांची ऑर्डर मिळाली आणि षट्कोनी सळई आली. समोरासमोरच्या सपाट बाजूंमधलं अंतर चोवीस मिलिमीटर, तीन-तीन मीटरच्या शंभर सळया. मालासोबत आलेल्या चलनावर फक्त नगांची संख्या होती. वजन आपल्या काट्यावरचं धरायचं, असं ठरलेलं.

काट्यावर भरलं अकराशे पंच्याहत्तर किलो. सामंत पुटपुटले आणि त्यांचा चेहरा बदलला. त्यांच्या हिशेबाने तेराशे सत्तावन्न हवे होते. एकशे ब्याऐंशी किलो माल गायब!

माल आणला होता धाकूने. जवळच्या राई गावचा हा पोरगेला टेम्पोवाला, लग्नाला वर्ष झालेलं. वाटेत घरी जेवायला थांबलो, हे त्याने आपणहून सांगितलं, आणि तिथेच त्याचं वाटोळं झालं.

"जेवायलाच थांबलास ना?" सामंतांनी विचारलं.

"मंग काय करायला?"

"ते तूच सांग. काटा खोटं बोलत नाही, आणि माझा हिशेबही."

धाकूने गठ्ठे सोडून मोजा म्हटलं. पण सामंतांना मोजायची गरजच काय? त्यांनी मॅडमना सांगितलं, मॅडमनी धाकूला उद्यापासून येऊ नकोस म्हणून सांगितलं. तेवढ्याने समाधान झालं नाही म्हणून सामंतांनी धाकूच्या घरी फोनही केला. धाकूला ज्याने कामाला लावलं त्या थोरल्या भावाला, मोठ्या सभ्यपणे, घरात कुठे सळया दिसतात का बघा, असं सुचवलं. किती हा शहाणपणा!

दुसऱ्या दिवशी लेथवरच्या आशाने कामासाठी गठ्ठे सोडले आणि सवयीने सळया मोजल्या. शंभर. सामंतांनी पुन्हा मोजल्या. शंभरच. मग त्यांनी टेप लावली, तीन मीटर बरोबर. वर्निअर लावला, चोवीस बरोबर. तरीही गडी हार मानेना.

"म्हणजे पोलादच हलकं आहे. घनतेत मारलंय आपल्याला."

आशा आयटीआय करून आलेली. तिने शंभर-शंभर मिलिमीटरचे दोन तुकडे कापले, एक चोवीसच्या जुन्या चौकोनी सळईचा, एक नव्या षट्कोनीचा, आणि छोट्या काट्यावर ठेवले. चौकोनी चारशे बावन्न ग्रॅम, षट्कोनी तीनशे ब्याण्णव.

"काका, तुम्ही वर्ग केलात तो चौकोनाचा. षट्कोनाला तोच वर्ग पॉइंट आठशे सहासष्टने गुणायचा. मग लांबी, मग घनता. करा बघू."

सामंतांनी केलं. मीटरला तीन पॉइंट नऊशे सोळा किलो. तीनशे मीटरचे अकराशे पंच्याहत्तर. काट्यावर होते तेवढेच. आपण चोर पकडला नव्हता, शाळेतली भूमिती सोडून आलो होतो, एवढं त्यांना कळलं. कानशिलं तापली. मॅडमना जाऊन सांगितलं, तर त्या म्हणाल्या, "मला काय सांगताय? त्याला सांगा."

रिक्षात बसून सामंत राईला निघाले. वाटेत माफीची तीन वाक्यं जुळवली. तिसऱ्यात 'तांत्रिक गैरसमज' असा शब्द होता आणि तो त्यांना फार आवडला.

धाकूच्या अंगणात जाऊन बघतात तर लोखंड मांडलेलं. होडीचा नांगर, कोयता, तवा, कुदळ, खिडकीचे दोन जुने गज, सायकलची चेन. धाकूची आई त्याशेजारी बसलेली. कंपाउंडपलीकडे शेजारणी उभ्या. सामंत तोंड उघडायच्या आत ती उठली.

"बगा सायब. कालपासून सगलं घर धुंडलंय. आमचे घरान लोखंड इतकंच हाय. मोजून घ्या."

तांत्रिक गैरसमज घशातच राहिला. सामंतांना इतकी लाज वाटली की बसायला सांगितलं असतं तरी बसवलं नसतं. धाकू दारात उभा होता.

"मावशी, चोरी झालीच नाही," सामंत म्हणाले. "मला गणित येत नव्हतं."

म्हातारीला ऐकू गेलं नाही की पटलं नाही, कोण जाणे. ती गज उचलून त्यांच्या पुढे धरूनच राहिली.

"तिला कमी ऐकू येतं," धाकू म्हणाला. "मोठ्यानं सांगा. त्या बायांना पन."

सामंतांनी एकदा कंपाउंडकडे बघितलं, घसा खाकरला आणि सगळी राई ऐकेल अशा आवाजात सांगितलं.