टोपण काढलेले बाटले

मल्हारीच्या मनात शंकेची पाल पहिल्यांदा चुकचुकली, ती हिशेब चोख जुळला म्हणून.

द्वारका चौकाजवळच्या ऑक्सिजनच्या गोदामात तो कारकून होता. मुंबईहून ट्रकने भरलेले सिलिंडर यायचे, टेम्पोने गिऱ्हाइकांकडे जायचे आणि तितकेच रिकामे परत यायचे. गिऱ्हाईक पैसे भरायचं ते आतल्या वायूचे. लोखंडी बाटला गोदामाच्या शेठचाच. त्यामुळे कुणाकडे किती भरलेले आहेत आणि किती रिकामे, यावर डोळ्यात तेल घालून लक्ष ठेवायला मल्हारी होता, आणि ते काम त्याला आवडायचंही. एखादा बाटला गहाळ झाला तर त्याला जेवण गोड लागत नसे.

गंगापूर रोडवरच्या एका नर्सिंग होमची तक्रार आली तेव्हा मात्र गहाळ काहीच नव्हतं. जितके भरलेले गेले, तितके रिकामे आले होते. डॉक्टरांचं म्हणणं वेगळंच होतं. नवा म्हणून सिलिंडर लावावा आणि दाबाचा काटा हलूच नये, असं होत होतं. परवा एका म्हाताऱ्याचा जीव गुदमरत असताना असंच झालं. दुसरा हाताशी होता म्हणून निभावलं. पुन्हा असं घडलं तर माल दुसरीकडून घेऊ, असं त्यांनी शेठला फोनवर ठणकावलं.

शेठने रिसीव्हर ठेवला आणि मल्हारीकडे पाहिलं. भरलेला बाटला वाटेत रिकामा होतो, म्हणजे कुठेतरी पाणी मुरतंय, एवढंच ते म्हणाले. माणूस तुझाच आहे ना, असंही म्हणाले.

माणूस मल्हारीचाच होता. टेम्पो चालवणारा फकिरा त्याच्या थोरल्या बहिणीचा, पुतळाअक्काचा नवरा. कारखान्यातलं काम सुटल्यावर मल्हारीनेच त्याला शब्द टाकून इथे चिकटवलं होतं. फकिरा कमी बोलायचा, तंबाखू मळत दूर कुठेतरी बघत बसायचा. इतके दिवस त्याचा हा स्वभाव मल्हारीला गरीब वाटायचा. आता तोच आतल्या गाठीचा वाटू लागला. माणसाचं मन एकदा नासलं की त्याला समोरच्याची शिंकसुद्धा खोटी वाटते.

सरळ विचारावं, तर कसं विचारणार? दाजी म्हणून ज्याच्या पाया पडायचं, त्याला तुम्ही वायू विकता का, असं तोंडावर म्हणायचं? मल्हारीची जीभ रेटेना. त्याने सोपा मार्ग धरला, म्हणजे भित्र्या माणसाचा. टेम्पोच्या मागे सायकल घातली.

टेम्पो पंचवटीत शिरला आणि कोंडाजी नावाच्या गिऱ्हाइकाच्या वेल्डिंगच्या शेडपुढे थांबला. कोंडाजीला त्या दिवशी काही माल द्यायचा नव्हता. तरी फकिरा आत गेला, आणि चहा पिऊन यायला लागावा त्याहून बराच जास्त वेळ आत राहिला. वेल्डिंगवाल्याला ऑक्सिजन लागतोच. भाजीच्या हातगाडीआड उभ्या मल्हारीला आणखी काय पुरावा हवा होता? खरं तर आत जाऊन बघण्याइतका धीर हवा होता, पण तो त्याच्यापाशी नव्हता.

संध्याकाळी त्याने पाहिलेलं तेवढं शेठच्या कानावर घातलं. वरून एक शब्द जोडला नाही, याचं त्याला फार समाधान वाटत होतं. शेठने दुसऱ्या दिवशी फकिराकडून टेम्पोची किल्ली मागून घेतली. कारण सांगितलं नाही. फकिराने किल्ली टेबलावर ठेवली, मल्हारीकडे एकदा पाहिलं आणि चप्पल घालून तो निघून गेला. त्यानंतर मल्हारीने अक्काच्या घरावरून जायचा रस्ताच सोडला.

नवा माणूस मिळेपर्यंत फेऱ्या मल्हारीच्या गळ्यात पडल्या. तो हमालाला घेऊन नर्सिंग होमच्या मागच्या पडवीत गेला. गोदामाचा रिवाज असा, की भरलेल्याच्या डोक्यावर लोखंडी टोपण असतं आणि रिकाम्याचं काढलेलं असतं. वजनावरून काही कळत नाही. लोखंडच एकाचं जड, दुसऱ्याचं हलकं. मल्हारीने दाराशी टोपणवाले भरलेले लावले, भिंतीकडचे बोडके रिकामे म्हणून उचलले आणि समाधानाने परतला. आता तक्रार यायचं कारणच नव्हतं.

तक्रार दोन दिवसांत आली. तीच.

शेठ आता आपल्याकडेही तसंच बघणार, या भीतीने मल्हारीने मान वर केली नाही. पण शेठ हसून म्हणाले, "तू कशाला घाबरतोस? जा, नीट बघून ये. काहीतरी घोटाळा असेल तिथे."

पडवीत लताबाई नावाची आया हातात पाना घेऊन उभी होती. ती नुकतीच लागली होती. मल्हारीने आताच उतरवलेल्या सिलिंडरांची टोपणं ती एकेक करून काढत होती आणि ते भिंतीकडे लावत होती.

"बाई, भरलेल्याची टोपणं कशाला काढता?" मल्हारीने विचारलं.

"मग पेशंट तडफडायला लागल्यावर काढू?" लताबाई म्हणाली. "गंजलेलं असतंय ते. मागच्या ठिकाणी एकदा निघता निघेना. आता आल्या आल्या काढून ठेवते. संपला की पुन्हा बसवते आणि दाराशी लावते, तुम्हाला न्यायला."

मल्हारीने भिंतीकडचे आणि दाराशी उभे असलेले बाटले पुन्हा एकदा पाहिले. गोदामात टोपण म्हणजे भरलेला. इथे टोपण म्हणजे संपलेला. फकिराने, आणि मागच्या फेरीला त्याने स्वतः, भरलेलेच रिकामे म्हणून उचलले होते. दाराशी राहिलेले रिकामे नव्या मालात मिसळले, लताबाईने त्यांचीही टोपणं काढली आणि तेच पेशंटला लावले गेले. तिकडे मुंबईला परत आलेल्या सिलिंडरातला उरलासुरला वायू हवेत सोडून देऊनच तो नव्याने भरतात. भरलेलाच परत आला, तरी विचारणार कोण? हिशेब मात्र दर वेळी चोख जुळत होता.

शेठ ऐकून खूप हसले. बोलाव त्याला कामावर, म्हणाले. त्यांच्या लेखी प्रकरण मिटलं.

कोंडाजीच्या मागणीचा एक बाटला टेम्पोत घालून मल्हारी पंचवटीत गेला. फकिरा आता तिथेच कामाला होता, काळा चष्मा कपाळावर सारून खिडकीच्या गजांना कानशी मारत बसलेला. टेम्पोवर असताना तो तिथे वेल्डिंग शिकायला थांबायचा, हे कोंडाजीने आपणहून सांगितलं. मल्हारीने टोपणांची सगळी हकिकत सांगितली. चूक त्या बाईची नाही, कुणाचीच नाही, असंही बोलून गेला. फकिराची कानशी थांबली नाही.

"शेठनं तुला काढलं नाय का?" त्याने विचारलं. "तक्रार तर तुझ्या फेरीलाबी आली म्हणतोस."

"नाही. बघून ये म्हणाले."

"आन् तू त्या बाईला इचारलंस."

"विचारलं ना, दाजी. म्हणून तर कळलं."

कानशी थांबली. "एवढंच तू मलाबी इचारायचं व्हतंस, मल्हारी. मी खोटं बोललो असतो तर मंग काढायचं."

मल्हारीला शरमेने वर बघवेना. अक्का वाट बघत असेल, उद्यापासून या, असं काहीतरी तो पुटपुटला. फकिरा उठला. हमालाने उतरवलेल्या बाटल्याचं टोपण त्याने काढलं, चावी लावून किंचित फिरवली. फुस्स करून वारा सुटला. मल्हारीने मान वर करेपर्यंत त्याने तो बंद केला नाही.

"भरलेला हाय," फकिरा म्हणाला. "रिकामा कोपऱ्यात हाय, तो तुम्हीबी उघडून बघून घ्या, साहेब. आन् सही कुठं करायची ते दाखवा."